सॉफ्ट स्टार्टर की डीओएल? पंपाची सुरुवात आणि पाइपातील दणका

(भंडारा जिल्ह्यातील एका शेतकरी मेळाव्यात दिलेले भाषण)



मी पीकशास्त्राचा माणूस आहे. मोटारीच्या स्टार्टरवर मी का बोलतो, असा प्रश्न तुम्हाला पडेल. त्याचे कारण सांगतो. उन्हाळी धान निसवत असताना बांधीत पाणी हवेच असते. नेमक्या त्याच दिवसांत रात्री कुठेतरी पाइप फुटतो. सकाळी जोड लावायला सोल्युशन नसते, मिस्त्री मिळत नाही आणि दोन-तीन दिवस बांधी सुकते. पुढे लोंबीत पळींज दिसले की मग मला बोलावले जाते. तो रोग नसतो, ती कीड नसते, तो पाइपाने दिलेला फटका असतो. म्हणून पाइप का फुटतो हे समजून घेणे मला भाग पडले.

अलीकडे बाजारात सांगितले जाते की डीओएल स्टार्टर काढा, सॉफ्ट स्टार्टर लावा, म्हणजे पाइप फुटणे बंद. हे अर्धे खरे आहे. त्यातले खरे कोणते आणि उरलेले अर्धे कोणते, एवढेच आज पाहू.

दोन स्टार्टरांतला फरक

डीओएल, म्हणजे डायरेक्ट ऑन लाइन स्टार्टर, हिरवे बटण दाबताच मोटारीला पूर्ण व्होल्टेज देतो. मोटार साधारण एका सेकंदात पूर्ण वेग घेते. त्या क्षणी ती नेहमीच्या सहा-सात पट करंट ओढते. १० एचपीची मोटार चालताना १४-१५ अँपिअर घेत असेल, तर चालू होताना ८५ ते ९० अँपिअर घेते.

सॉफ्ट स्टार्टरमध्ये थायरिस्टर नावाचे इलेक्ट्रॉनिक भाग असतात. ते व्होल्टेज हळूहळू वाढवतात. सुरुवातीचा करंट तीन ते साडेतीन पटीपर्यंत राहतो आणि मोटार काही सेकंदांत वेग घेते. बहुतेक सॉफ्ट स्टार्टरमध्ये थांबवतानाही व्होल्टेज हळूहळू उतरवण्याची सोय असते. याची किंमत साध्या स्टार्टरच्या कितीतरी पट असते. तेव्हा घेण्यापूर्वी हिशेब केलेला बरा.

पाइपात दणका कसा बसतो

आता एक उदाहरण घेऊ आणि शेवटपर्यंत तेच धरून ठेवू. पवनी तालुक्यात वैनगंगेच्या काठावरील एका शेतकऱ्याची ही लाइन आहे. १० एचपीचा पंप, ११० मिलिमीटरचा ६ किलो दाबाचा पीव्हीसी पाइप, लांबी ६०० मीटर. नदीच्या पाण्यापासून पंप ४ मीटर वर आणि पंपापासून पाणी पडण्याची जागा आणखी १८ मीटर वर. पाणी सेकंदाला सुमारे १२ लिटर.

या पाइपात सुमारे ४,९०० लिटर, म्हणजे जवळजवळ पाच टन पाणी मावते. ते सेकंदाला दीड मीटर वेगाने, म्हणजे माणसाच्या चालीने पुढे सरकत असते. पाच टनांची भरलेली ट्रॉली चालत्या वेगाने येत आहे आणि ती एकाएकी भिंतीला टेकली, अशी कल्पना करा. पाण्याचा वेग एकदम बदलला की असाच धक्का पाइपाच्या भिंतीला बसतो. याला जलाघात किंवा वॉटर हॅमर म्हणतात.

हा धक्का किती मोठा, याचा हिशेब सोपा आहे. या जातीच्या पीव्हीसी पाइपात दाबाची लाट सेकंदाला सुमारे ३२० मीटर धावते. तिला वेगातल्या बदलाने गुणायचे आणि ९.८ ने भागायचे. ३२० गुणिले १.४७ भागिले ९.८, उत्तर येते ४८ मीटर, म्हणजे ४.८ किलो. चालताना पंपाजवळ दाब सुमारे २.९ किलो असतो. चालू लाइनचा व्हॉल्व्ह कोणी झटक्यात बंद केला, तर दोन्ही मिळून ७.७ किलो होतात आणि पाइप तर ६ किलोचा आहे.

यात वेळेचे गणित महत्त्वाचे आहे. लाट पंपापासून टोकापर्यंत जाऊन परत यायला या लाइनीत पावणेचार सेकंद लागतात. त्याच्या आत जो बदल होतो तो पाइपासाठी 'एकदम'च असतो. बदल त्याच्या तीन-चार पट वेळात, म्हणजे बारा-पंधरा सेकंदांत झाला, तरच धक्का खऱ्या अर्थाने कमी होतो. लोखंडी पाइपात लाट याच्या जवळजवळ चौपट वेगाने धावते. तिथे धक्काही त्याच प्रमाणात मोठा असतो, मात्र लाट लवकर परत येते.

दोष कोणाचा, हे कसे ओळखले

या शेतकऱ्याच्या लाइनीत एकाच हंगामात तीन वेळा पाइप फुटला होता, तोही जवळजवळ एकाच जागी. पंपापासून ३०० मीटरवर लाइन एका उंच धुऱ्यावरून जाते, त्याच्या अलीकडे-पलीकडे. त्यांनी सॉफ्ट स्टार्टर बसवला. दोन आठवड्यांनी पाइप पुन्हा फुटला. ते मला म्हणाले, "सर, इतका पैसा लावला, तरी पाइप फुटतेच."

मी विचारले, "भाऊ, फुटतो केव्हा?"

ते म्हणाले, "मोटार चालू केली की. कारंजं उडते."

आम्ही पंपाजवळ प्रेशर गेज बसवले आणि सुईकडे पाहत बसलो. मोटार जुन्या डीओएलवर घेऊन पाहिली. पाइप भरलेला होता. सुई पावणेदोनवरून उडी मारून चारच्या जवळ गेली आणि थोड्या वेळाने तीनच्या खाली स्थिरावली. हे अपेक्षितच होते. भरलेल्या पाइपावर मोटार चालू केली, तर दाब पंपाच्या स्वतःच्या बंद-व्हॉल्व्ह दाबापलीकडे सहसा जात नाही. हा पंप व्हॉल्व्ह पूर्ण बंद ठेवला तर पंपाजवळ ४.१ किलोपर्यंत दाब देतो. हिशेबाने डीओएलवरची पहिली उडी ३.९ किलो येते. ६ किलोचा धड पाइप एवढ्याने फुटत नाही.

मग वीज जाण्याची वाट पाहिली. पाळी संपली, मोटार थांबली. सुई घसरत शून्यावर गेली आणि तिथेच टेकून राहिली. काही सेकंदांनी रिफ्लक्स व्हॉल्व्हमधून 'धाड्' असा आवाज आला आणि सुई साडेपाचच्या पुढे उडाली. मग दोन-तीन वेळा वर-खाली झाली. साधे गेज असा क्षणाचा दाब खऱ्यापेक्षा कमीच दाखवते, म्हणून प्रत्यक्षात तो ६ च्या वर गेला असणार.

झाले काय, तर वीज जाताच पंपाचा रेटा संपला, पण पाच टन पाणी आपल्याच वेगाने पुढे जात राहिले. मागे पोकळी झाली. उंच धुऱ्यावर पाइपात एरवीही दाब कमी असतो. तिथे तो हवेच्या दाबाच्याही खाली गेला आणि पाण्याचा खांब दोन तुकड्यांत तुटला. मग उतारावरचे पाणी परत फिरले, दोन्ही तुकडे एकमेकांवर आदळले आणि रिफ्लक्स व्हॉल्व्हची झडप उशिरा, पण जोरात बसली. सॉकेटची चीर इथेच पडली. त्या वेळी लाइनीत दाब नाही, म्हणून कारंजे दिसत नाही. दुसऱ्या दिवशी मोटार चालू केली की त्याच चिरेतून पाणी उडते आणि आपण म्हणतो की चालू करताना फुटला.

सॉफ्ट स्टार्टर इथे काहीच करू शकत नव्हता. तो विजेवर चालतो. वीजच गेली तर हळूहळू उतरवणार काय? तुम्ही स्वतः लाल बटण दाबून मोटार थांबवली, तरच त्याची ती सोय कामी येते. आपल्याकडे शेतीपंपाची थ्री फेज वीज ठराविक तासांनी बंद होते, मध्येच ट्रिपही होते. म्हणजे आपल्या मोटारी बटणाने कमी आणि वीज जाऊन जास्त थांबतात.

रिकाम्या पाइपाचा दुसरा धोका

त्याच लाइनीत दुसरी एक खोट सापडली. फूटव्हॉल्व्ह, ज्याला आपण फुटबॉल म्हणतो, त्याचे चामडे झिजले होते आणि रिफ्लक्स व्हॉल्व्हही नीट बसत नव्हता. रात्रभरात पाइप अर्धा रिकामा व्हायचा.

रिकाम्या पाइपात मोटार चालू केली की पंपाला अडवणारा दाब नसतो. पाणी नेहमीपेक्षा जास्त वेगाने धावते आणि पुढची हवा ढकलत नेते. ही हवा एखाद्या वळणावर किंवा तुषार संचाच्या बारीक तोंडाशी कोंडते, मग एकदम निसटते आणि मागचे पाणी तिथे येऊन आदळते. वेग सेकंदाला दोन मीटर धरला, तर धक्का साडेसहा किलोंचा होतो. चालू करतानाचा खरा धोका हा आहे.

इथे तरी सॉफ्ट स्टार्टर उपयोगी पडेल, असे वाटते. पण हिशेब करा. ६०० मीटरचा रिकामा पाइप भरायला पाच ते सात मिनिटे लागतात. सॉफ्ट स्टार्टर मोटारीला फार तर दहा-वीस सेकंदांत पूर्ण वेगावर आणतो. उरलेली सगळी मिनिटे पंप पूर्ण जोरानेच पाणी ढकलत असतो. रिकाम्या पाइपाला खरा आराम पंपाजवळचा गेट व्हॉल्व्ह देतो. तो पाव भाग उघडा ठेवून मोटार चालू करावी, टोकाला पाणी पडू लागेपर्यंत थांबावे आणि मग व्हॉल्व्ह हळूहळू पूर्ण उघडावा.

काय दुरुस्त केले

या लाइनीवर चार गोष्टी केल्या. पहिली, धुऱ्याच्या सर्वात उंच जागी एक इंची एअर व्हॉल्व्ह बसवला. तो असा घेतला की भरताना हवा बाहेर सोडेल आणि पोकळी होऊ लागताच हवा आत घेईल. नुसता हवा बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह घेऊन अर्धेच काम झाले असते.

दुसरी, पंपाजवळचा झोका घेणारा जुना रिफ्लक्स व्हॉल्व्ह काढून स्प्रिंगचा बसवला. पाणी उलटे फिरण्यापूर्वीच त्याची झडप बसते, म्हणून ती आपटत नाही. फूटव्हॉल्व्हचे चामडे बदलले. पाइप आता रात्रभर भरलेला राहतो.

तिसरी, ऑटो स्विचला उशिराने चालू होणारा टायमर लावून तो तीन मिनिटांवर ठेवला. वीज जाऊन लगेच आली, तर पाइपातले पाणी अजून मागे-पुढे हेलकावत असते. त्याच क्षणी मोटार चालू झाली, तर एका धक्क्यावर दुसरा धक्का चढतो. टायमरमुळे पाणी शांत व्हायला वेळ मिळतो.

चौथी, वळणांवर काँक्रीटचे ठोकळे घातले. वळणावर पाइप हलला की आधी सॉकेट सुटते.

नंतर पुन्हा गेज पाहिले. वीज गेल्यावर सुई खाली जाते, पण परतीची उडी चारच्या आत राहते. पुढच्या हंगामात त्या धुऱ्यापाशी पाइप फुटला नाही.

मग सॉफ्ट स्टार्टर कोणी घ्यावा

याचा अर्थ सॉफ्ट स्टार्टर निरुपयोगी आहे, असा नाही. तो जिथे लागू पडतो तिथेच घ्यावा.

पहिली जागा म्हणजे टोक बंद असलेली भरलेली लाइन. ठिबक किंवा तुषार संचाचे सगळे व्हॉल्व्ह चुकून बंद राहिले आणि मोटार डीओएलवर चालू झाली, तर लाट बंद टोकाला आपटून दुप्पट होते. आपल्या उदाहरणात ती पावणेदोनवरून सरळ सहाच्या आसपास जाते. सुरुवात दहा-पंधरा सेकंदांवर पसरली तर हा धक्का बराच मावळतो. अर्थात एक व्हॉल्व्ह उघडा ठेवूनच मोटार चालू करणे हा बिनखर्ची उपाय आहे.

दुसरी जागा म्हणजे ऑपरेटर ठेवलेली सामूहिक उपसा योजना. मोटार मोठी, लाइन लांब आणि थांबवणे माणसाच्या हाती. तिथे हळू थांबण्याची सोय कामी येते. मात्र घेताना नीट विचारून घ्या. उंचीवर पाणी चढवणारा पंप पूर्ण वेगाच्या ७० टक्क्यांवर आला की आपल्या उदाहरणात पाणी देणे बंदच करतो. त्यामुळे थांबण्याचा सगळा खेळ वरच्या ३० टक्क्यांत होतो. नुसते व्होल्टेज उतरवणारा सॉफ्ट स्टार्टर दहा सेकंदांवर ठेवला, तरी मोटार बराच वेळ जवळजवळ पूर्ण वेगाने फिरत राहते आणि मग दोन-तीन सेकंदांत ढासळते. गेजची सुई हळू उतरते की शेवटी एकदम पडते, हे पाहूनच खात्री करावी. पंपासाठी खास टॉर्क सांभाळणारी सोय असलेला सॉफ्ट स्टार्टर इथे चांगला.

तिसरी जागा पाइपाची नाही, विजेची आहे. १०० केव्हीएच्या डीपीचा पूर्ण भार सुमारे १३३ अँपिअर असतो. वीज आली की सगळ्यांचे ऑटो स्विच एकदम मोटारी चालू करतात. १० एचपीच्या दोनच मोटारी डीओएलवर एकत्र उठल्या, तरी १७०-१८० अँपिअर होतात आणि व्होल्टेज बसते. सॉफ्ट स्टार्टरने हा भार निम्म्यावर येतो. प्रत्येकाने आपला टायमर वेगवेगळ्या मिनिटांवर ठेवला, तरी बरेच काम होते.

दोन सावधगिरीच्या गोष्टीही सांगतो. लाइनीच्या टोकाला व्होल्टेज ४१५ ऐवजी ३४० मिळत असेल, तर मोटारीचा जोर दोन-तृतीयांशच उरतो. अशा ठिकाणी सॉफ्ट स्टार्टरची करंट मर्यादा फार कमी ठेवली, तर मोटार वेग घेत नाही, नुसती गुणगुणते आणि तापते. आणि बोअरमधील सबमर्सिबल मोटारीला लांब सुरुवात देऊ नका. तिचे थ्रस्ट बेअरिंग वेग आल्यावरच पाण्याच्या थरावर तरंगते, तोवर ते घासत असते. तिची सुरुवात दोन-तीन सेकंदांत संपली पाहिजे. मोटारीच्या पुस्तिकेतील आकडा पाहूनच वेळ लावा.

ज्यांनी सौर पंप घेतला आहे त्यांच्या एसी मोटारीचा कंट्रोलर मुळातच वेग हळूहळू वाढवतो. त्यावर वेगळा सॉफ्ट स्टार्टर बसवू नये.

घरी जाऊन काय पाहाल

शेवटी एक काम सांगतो. पंपाजवळ प्रेशर गेज लावा आणि तीन वेळा सुई पाहा. भरलेल्या पाइपावर मोटार चालू करताना, बटणाने थांबवताना आणि वीज जाताना. गेज लावताना मेन स्विच बंद ठेवा.

वीज जाताना सुई शून्याला टेकून मग वर उडत असेल आणि रिफ्लक्स व्हॉल्व्ह आपटत असेल, तर पैसा एअर व्हॉल्व्ह आणि रिफ्लक्स व्हॉल्व्हवर लावा. रात्रीनंतर मोटार चालू करताना टोकाला पाणी यायला काही मिनिटे लागत असतील आणि आधी फुसफुसत हवा येत असेल, तर फूटव्हॉल्व्ह गळतो आहे. बटणाने थांबवतानाच मोठी उडी येत असेल, तर थांबवण्यापूर्वी गेट व्हॉल्व्ह हळू बंद करण्याची सवय लावा. मोटार मोठी असेल तर तिथे सॉफ्ट स्टार्टरचा विचार करा. आणि फुटलेला पाइप बदलताना तो तुकडा फेकू नका. चीर कुठल्या सॉकेटला आणि कुठल्या उंचीवर पडली ते वहीत लिहून ठेवा. दुसऱ्यांदा त्याच जागी फुटला, तर वीज जातानाचे गेज सर्वात आधी पाहा.